आपला गोतावळा: मुक्ताचं गाणं कुणाला कधी?

गुरुवार

अण्णाकाका, सायं. ५:५२
मुक्ता, वैशालीच्या स्टेटसला तुझं गाणं वाजतंय. मी तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या लिंकवरून प्री-सेव्ह केलं, बारा जणांना करायला लावलं. आमच्याकडे गाण्याचा पत्ता नाही. हे काय?

वैशालीआत्या, ५:५८
अण्णा, ऑकलंडला शुक्रवार लागला. इथे रात्रीचे साडेबारा होत आलेत. जागी राहून ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं.

सुनीताकाकू, ६:०१
वैशालीताईंना सगळं आधी कळतं. साखरपुड्याचंही तसंच झालं होतं.

वैशालीआत्या, ६:०२
सुनीता, तो विषय इथे नको.

सुमनमावशी, ६:०५
सगळीकडे एकच वेळ का नाही ठेवली? मागच्या गाण्यालाही मी हेच म्हणाले होते.

मुक्ता, ६:११
काका, तुमचं काही चुकलेलं नाही. गाणं प्रत्येक देशात तिथल्या मध्यरात्री खुलं होतं. आता जुलै आहे, म्हणून आपल्या घड्याळाप्रमाणे न्यूझीलंडला आज सायं. ५:३०, भारतात रात्री १२, लंडनला पहाटे ४:३० आणि न्यूयॉर्कला सकाळी ९:३०. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सोळा तास जातात.
प्री-सेव्ह म्हणजे आधी मिळण्याचा पास नाही. गाणं तुमच्याकडे खुलं झालं की ते तुमच्या लायब्ररीत टाकायची परवानगी तुम्ही त्या लिंकवाल्या साइटला देता, एवढंच.

मंदार, ६:१४
अण्णाकाका, फोनचं घड्याळ सहा तास पुढे करून बघा 😄

अण्णाकाका, ६:१९
केलं. काही झालं नाही.

मुक्ता, ६:२०
मंदार, गप रे. काका, फोनची वेळ बघितली जात नाही. तुमचं खातं कोणत्या देशाचं आहे, त्यावर ठरतं.

सुमनमावशी, ६:२४
पण एकच वेळ ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

मुक्ता, ६:३६
मावशी, तसं करता येतं, मी विचारही केला होता. पण भारतातली मध्यरात्र धरली तर न्यूयॉर्कला गुरुवारी दुपारी अडीचलाच गाणं येतं. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन गाण्यांचा वार शुक्रवार ठरलाय. चार्टचा आठवडाही तिथून सुरू होतो, त्यामुळे तिकडचं गुरुवारचं ऐकणं मागच्या आठवड्यात जमा झालं असतं. न्यूयॉर्कची मध्यरात्र धरली असती तर तुम्हाला थेट सकाळी साडेनऊला मिळालं असतं आणि आत्याला शुक्रवारी दुपारी चारला. कुणीतरी थांबणारच होतं. मग प्रत्येकाला आपापला शुक्रवार मिळू दे म्हटलं.

सुनीताकाकू, ६:४०
आत्या, तेवढं स्टेटस काढाल का? आम्हालाही पहिल्यांदा पूर्ण गाणंच ऐकायचंय.

वैशालीआत्या, ६:४१
काढलं. आनंदात टाकलं गं, कुणाला दुखवायचं नव्हतं.

शुक्रवार

निखिलदादा, रात्री १२:०२
मुक्ता, मला मिळालं! इथे गुरुवारचे दुपारचे अडीच वाजलेत. पूर्वाच्या फोनवर मात्र नाही. एकाच घरात दोन तऱ्हा?

मुक्ता, १२:०४
दादा, तुझं खातं अजून भारतातलंच असणार. तुला भारताची मध्यरात्र लागू झाली. वहिनींचं अमेरिकेचं आहे, त्यांना आज रात्री बारालाच.

निखिलदादा, १२:०५
बरोबर, मी देश कधी बदललाच नाही.

अण्णाकाका, १२:०९
बारा वाजून गेले. माझ्या लायब्ररीत काही नाही. त्या बारा जणांना मी काय सांगू?

सुमनमावशी, १२:१०
एकच वेळ हवी होती.

मुक्ता, १२:१२
काका, माझं नाव शोधून माझ्या पानावर जा. तिथे गाणं दिसतंय का?

अण्णाकाका, १२:१५
पानावर दिसतंय. लायब्ररीत नाही.

मुक्ता, १२:१८
म्हणजे गाणं तुमच्याकडे खुलं झालंय, फक्त प्री-सेव्ह पोचलेलं नाही. हे दोन कारणांनी होतं. ती साइट एकेका खात्यात गाणं टाकत जाते, त्यात थोडा उशीर होऊ शकतो. नाहीतर तुम्ही दिलेली परवानगी मध्येच काढली गेली असेल. खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी असते, तिथे त्या साइटचं नाव आहे का बघा.

अण्णाकाका, १२:२४
यादी रिकामी आहे. मागच्या आठवड्यात निखिलने फसवणुकीचा मेसेज टाकला होता, अनोळखी ॲप काढून टाका म्हणून. मी सगळीच काढली.

निखिलदादा, १२:२५
काका, मी अनोळखी म्हटलं होतं, सगळी नाही.

अण्णाकाका, १२:२६
मला ती साइट अनोळखीच होती, निखिल.

मुक्ता, १२:२७
काका, चूक माझी. तुम्ही खबरदारी घेतलीत ते बरोबरच होतं. लिंकवर नेमकी कसली परवानगी मागितली जाते हे मी इथे लिहायला हवं होतं. आता गाण्याशेजारचं अधिकचं चिन्ह दाबा, ते लायब्ररीत येईल. आणि त्या बारा जणांना सांगा, लायब्ररीत नसेल तर माझ्या पानावर बघा.

अण्णाकाका, १२:३४
दाबलं. आलं. दुसऱ्यांदा ऐकतोय. मधला आलाप आईसारखा घेतलास.

वैशालीआत्या, १२:३५
मलाही तिथेच रडू आलं, अण्णा.