मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीची नोटीस कशी लिहू? काउंटर उघडलं की लोक भांडायलाच येतात

पार्सलवाला_जिंतूर
नमस्कार मंडळी. जिंतूरला कुरिअरची छोटी फ्रँचायझी आहे, मी, डिलिव्हरीला एक पोरगा अन् काउंटरला पुतणी, एवढाच स्टाफ. दिवाळीची नोटीस लिहायलोय, शटरवर पण लावायची अन् व्हॉट्सअॅपवर पण टाकायची. आत्ता एवढं लिहिलंय:

"दीपावलीनिमित्त दि. 21 ते 23 ऑक्टोबर 2025 कार्यालय बंद राहील. दि. 24 पासून सेवा पूर्ववत. या काळात मेसेजला उत्तर देण्यास विलंब होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

दरसाल असंच लिहितो अन् दरसाल उघडायच्या दिवशी सकाळीच लोक उभे, "आज सुरू म्हणला होता ना, मग माझं पार्सल अजून कामून निघालं नाही?" बरं नोटीस तर वाचूनच येतात, म्हणजे वाचत नाहीत असं पण म्हणता येईना. नेमकं काय लिहायचं राहायलंय?

मोबाईल_गल्ली
एवढं टेन्शन कशाला घेता दादा. व्हॉट्सअॅप बिझनेस आहे ना? त्यात Away message लावा, Custom schedule मध्ये 21 ते 23 तारखा टाका, फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवा अन् निवांत फराळ खा. आपोआप उत्तर जातं.

लातूरची_काकू
कुरिअरवाल्यांनी जरा आमच्याकडं पण बघा. भाच्याला बेंगलोरला चिवडा अन् करंज्या पाठवून आठवडा झाला, ट्रॅकिंगवर रोज तेच ते, पुढं सरकंना. कुठं अडकलंय सांगता का?

पार्सलवाला_जिंतूर
काकू माझं काउंटर जिंतूरला आहे ओ, तुमचं पार्सल माझ्याकडं नाही. पावतीवरचा नंबर घेऊन जिथं बुक केलं तिथंच विचारा, त्यांना आतलं स्टेटस जास्त दिसतं.

हबवर_घासलेला
बरीच वर्षं संभाजीनगरच्या हबला रात्रपाळी केलीय म्हणून सांगतो. तुम्ही नोटिशीत शटर कधी बंद अन् कधी उघडं एवढंच लिहिलंय, अन् गिऱ्हाइकाला शटरशी काही घेणंदेणं नसतं, त्याला गाडी कधी निघणार ते पाहिजे. आधी मला सांगा, तुमच्याकडून शेवटची गाडी कोणत्या दिवशी जाते अन् सुट्टीनंतर पहिली कधी येते?

पार्सलवाला_जिंतूर
20 ला सोमवारी संध्याकाळी 6 ला शेवटची. त्यानंतर एकदम 24 ला शुक्रवारी संध्याकाळी. गाडी परभणीवरून संभाजीनगरला जाते.

हबवर_घासलेला
मग इथंच घोळ आहे बघा. 24 ला सकाळी 10 ला कुणी पार्सल दिलं तरी ते संध्याकाळपर्यंत तुमच्याच रॅकवर पडून राहणार. रात्री हबला पोचंल, तिथं आधीच सुट्टीतला माल थप्पी लावून पडलेला असतो, तो निघाला की 25 ला तुमच्या बॅगा उघडतील. 26 ला रविवार. म्हणजे पुण्याची डिलिव्हरी 27 च्या सोमवारी धरायची, ती पण सगळं सुरळीत चाललं तर. अन् तुम्ही लिहायलेत "24 पासून पूर्ववत". गिऱ्हाईक त्याचा अर्थ काय घेणार, त्याचं काय चुकलं?

तसंच आधीचं पण. लक्ष्मीपूजन 21 ला. फराळ पुण्याला त्याच्या आधी पोचवायचा तर 17 च्या संध्याकाळच्या गाडीत बसला पाहिजे. 18 ला हब, रात्री पुण्याची गाडी, 19 ला रविवार, 20 ला हातात. 18 ला बुक केलेलं पोचंल पण कदाचित, पण शब्द देऊ नका. अन् 20 च्या गाडीतलं तर हबमध्येच दिवाळी करणार.

सिडको_एन५
लक्ष्मीपूजन 20 ला आहे ना? माझ्या मोबाईलमध्ये तर 20 ला दिवाळी दाखवायलंय.

हबवर_घासलेला
आपल्याकडच्या पंचांगात 21 लाच आहे, पाडवा 22, भाऊबीज 23. बाहेर बऱ्याच ठिकाणी 20 ला करायलेत. पण बरं झालं हे निघालं, कारण माल जातो तिथली सुट्टी पण बघावी लागते. पार्सलवाले दादा, तुमच्याकडून सुरतला काय जातं का?

पार्सलवाला_जिंतूर
जातं की. साडीच्या दुकानाचे रिटर्न, डिफेक्ट निघालेला माल. एक गिऱ्हाईक तर ठरलेलंच आहे, दिवाळीचा सेल झाला की गठ्ठा घेऊन येतं.

हबवर_घासलेला
तो गठ्ठा सगळ्यात जास्त डोक्याला ताप देतो. तिकडचे बरेच व्यापारी लाभपंचमीलाच दुकान उघडतात, ती यंदा 26 ला, रविवारी. त्याच्या आधी माल पोचला तर डिलिव्हरी बॉय कुलूप बघून येतो, "दुकान बंद" असा शेरा मारतो, दोन-तीन चकरा झाल्या की पार्सल उलटं तुमच्याकडं. मग भाडं कुणी द्यायचं यावरून तुमची अन् दुकानदाराची जुंपणार. त्याला सरळ सांगा, सुरतचा माल 25 च्या आधी आणूच नको.

अन् मोबाईल_गल्लीवाल्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. Away message लावा, पण फोन बंद करून ठेवला तर तो जातच नाही, त्या फोनला नेट चालू पाहिजे. चार्जिंगला लावून वायफायवर ठेवा, नाहीतर पुतणीला घरी द्या.

मोबाईल_गल्ली
हे माहीत नव्हतं. मी तर दुकानाचा फोन दरवेळी बंद करूनच गावाला जातो.

बचतगटवाली_ताई
आमचा गट दिवाळीत फराळाची पार्सलं पाठवतो म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगते. "उत्तर देण्यास विलंब होईल" हे वाचलं की आमचा जीव जास्तच टांगणीला लागतो. विलंब म्हणजे तासाभराचा का चार दिवसाचा? त्यापेक्षा रोज 11 ते 12 मेसेज बघू, पावतीचा फोटो पाठवा, असं लिहा ना. मग आम्ही तेवढा एकच मेसेज टाकून गप बसतो, नाहीतर सकाळपासून दहा फोन करतो. अन् सुट्टीत ट्रॅकिंग हलणार नाही हे पण लिहा. तीन दिवस एकाच जागी दाखवलं की आम्हाला वाटतं हरवलं.

हबवर_घासलेला
ताई, लाख बोललात. हब बंद म्हणजे स्कॅन नाही, स्कॅन नाही म्हणजे ट्रॅकिंग जागेवरच. हरवलेलं अन् थांबलेलं वरून सारखंच दिसतं. 25 च्या रात्रीपर्यंत पण नवा स्कॅन पडला नाही, तर मात्र तक्रार टाकायची.

पार्सलवाला_जिंतूर
आता असं लिहिलंय, बघा बरं:

"दिवाळीआधी पुण्याला पोचायचं पार्सल 17 ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी 5 पर्यंत द्या. मुंबई अन् लांबचं त्याच्याही आधी, काउंटरला विचारून.
18 अन् 20 ला बुकिंग चालू, पण दिवाळीआधी पोचेलच असं नाही. 20 ला खाण्याचे पदार्थ घेणार नाही.
21, 22, 23 बंद. ट्रॅकिंग जागेवर दिसेल, पार्सल सुरक्षित आहे.
24 ला काउंटर उघडेल, पहिली गाडी त्याच दिवशी संध्याकाळी 6 ला. पुण्याला साधारण 27 ला मिळेल. सुरतचा माल 25 पासून घेऊ.
सुट्टीत मेसेज रोज 11 ते 12 बघू. पावतीचा फोटो पाठवा, फोन करू नका."

बचतगटवाली_ताई
"पार्सल सुरक्षित आहे" काढा, ते तुम्हाला तरी कुठं माहीत? "हबमध्ये थांबलेलं असेल" लिहा. बाकी छान.

सिडको_एन५
लई लांबडं झालं राव, शटरवर कोण वाचणार एवढं.

हबवर_घासलेला
शटरवर 17, 24 अन् 27 या तीनच तारखा मोठ्या काढा, प्रत्येकीपुढं दोन शब्द. बाकीचं व्हॉट्सअॅपवर. अन् 18 पासून प्रत्येक पावतीवर पेनानं "27 नंतर" लिहून द्या, गिऱ्हाइकासमोर. ती पावतीच नंतर कामाला येते.

पार्सलवाला_जिंतूर
हे करतो. ताईंचं पण बदललं. एकच राहिलं, कंपनीच्या अॅपवरून लोक सुट्टीतही पिकअप टाकतात अन् अॅप त्यांना "उद्या पिकअप" दाखवतं. माझ्याकडून ते बंद होईना, वर मेल टाकला तर त्यांचंच सुट्टीचं ऑटो रिप्लाय आलंय. कुणी फ्रँचायझीवाल्यानं हे बंद करून घेतलंय का?

हबवर_घासलेला
तुमच्या एरिया मॅनेजरला गाठा, पिनकोड तेवढ्या दिवसांपुरता बंद करणं त्याच्या हातात असू शकतं. आमच्याकडं काही जणांचं झालं, काही जणांचं नाही.

लातूरची_काकू
भाच्याचा फोन आला, चिवडा पोचला. करंज्यांचा चुरा झालाय म्हणे.