मदत हवी आहे: काकांची नोटीस, डी अँड ओ पॉलिसी आणि ३१ मे

सूतगिरणीकाठ:
नमस्कार. आमची अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी, माझा चुलत भाऊ आणि एक बाहेरचे गृहस्थ असे तीन संचालक. धाकट्या काकांकडे २२ टक्के शेअर आहेत. तेही संचालक होते, गेल्या वर्षी राजीनामा दिला.

२०२३ मध्ये आम्ही बँकेचं कर्ज काढून नवे रॅपिअर लूम घेतले. पुढे निर्यातीच्या ऑर्डरी आटल्या आणि हप्ते जड झाले. १४ फेब्रुवारीला काकांच्या वकिलांची नोटीस आली: लूमचा निर्णय बेफिकिरीने घेतला, कंपनीचं १ कोटी ८० लाखांचं नुकसान झालं, ते मी आणि भावाने स्वतःच्या खिशातून भरावं, नाहीतर मुंबईला एनसीएलटी या कंपन्यांच्या न्यायाधिकरणात जाऊ.

बँकेच्या सल्ल्याने घेतलेली ५ कोटींची डी अँड ओ पॉलिसी, म्हणजे संचालक आणि अधिकाऱ्यांवर होणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा आहे, मुदत ३१ मे. घरचं भांडण घरात मिटेल असं वाटलं म्हणून विमा कंपनीला काही कळवलं नाही. नोटिशीला उत्तर द्यायला वकिलांना दीड लाख दिले, तेही माझ्या खिशातून. आता रिन्यूअलचा फॉर्म आलाय. त्यात विचारलंय, 'क्लेम होऊ शकेल अशी कोणती गोष्ट माहीत आहे का?' पॉलिसी काढून देणारे म्हणतात 'नाही' लिहा, उगाच प्रीमियम वाढेल. आज १९ मे. काय करू? आणि वकिलाचा खर्च कंपनीने द्यायला नको का? रात्री झोप नाही. वडिलांनी उभी केलेली कंपनी आहे, आणि समोर सख्खे काका आहेत.

भाऊराव_होटगी:
घाबरू नका. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे जबाबदारी मर्यादित. कंपनीचं नुकसान संचालकाच्या घरादारावर येत नाही. काकांच्या नोटिशीत दम नाही.

रेखा_क्लेम्स:
भाऊराव, मर्यादित जबाबदारी असते ती शेअरधारकाची. संचालकाने आपलं कर्तव्य नीट पाळलं नाही असा आरोप असेल तर तो त्याच्यावर व्यक्तिशः येतो. काकांकडे दहा टक्क्यांहून जास्त शेअर असल्यामुळे गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन ते न्यायाधिकरणात जाऊ शकतात. जिंकतील की नाही हा वेगळा प्रश्न, पण लढायला पैसे आजपासून लागणार.

दादा, मी बारा वर्षं विम्याच्या क्लेम विभागात काढली आहेत, म्हणून आधी तारखेचं बोलते. ही पॉलिसी आगीच्या पॉलिसीसारखी नसते. निर्णय कधी घेतला याला इथे कमी महत्त्व. तुमच्यावर मागणी कधी आली आणि तुम्ही विमा कंपनीला ती कधी कळवली, यावर सगळं ठरतं. पैशाची लेखी मागणी करणारी वकिलाची नोटीस बहुतेक पॉलिसींत क्लेमच धरली जाते, कोर्टात केस पडायची वाट बघायची नसते. म्हणजे तुमचा क्लेम १४ फेब्रुवारीलाच झालाय आणि तो चालू पॉलिसीचा आहे.

आता तुम्ही फॉर्मवर 'नाही' लिहून गप्प बसलात तर काय होईल बघा. जूनमध्ये काका एनसीएलटीत जातील. जुनी पॉलिसी म्हणेल, मुदतीत कळवलं नाही. नवी म्हणेल, ही मागणी आमच्या आधीची आहे आणि तुम्ही ती लपवलीत. दोन्हीकडून हात रिकामे. वर खोटं लिहिल्यामुळे नवी पॉलिसीच धोक्यात, म्हणजे तिसऱ्या संचालकाचं संरक्षणही. काही पॉलिसींत मुदतीनंतर थोडे दिवस कळवायला मिळतात, पण त्यावर विसंबू नका.

म्हणून उद्याच, ३१ मेची वाट न बघता, पॉलिसीच्या शेड्यूलवर क्लेम कळवण्यासाठी दिलेल्या पत्त्यावर ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही पाठवा. सोबत नोटीस, तुम्ही दिलेलं उत्तर, लूम खरेदीच्या ठरावाची प्रत. ब्रोकरला फोनवर सांगितलं म्हणजे विमा कंपनीला कळवलं असं होत नाही. मगच रिन्यूअल फॉर्मवर 'होय' लिहा आणि हेच कागद जोडा. प्रीमियम वाढेल, वाढू द्या.

डॉ_सिद्धेश्वर:
माझ्या हॉस्पिटलसाठी अशीच पॉलिसी आहे. पेशंटने केस केली तेव्हा विमा कंपनीनेच वकील दिला, मला काही करावं लागलं नाही. तुम्हालाही देतील.

रेखा_क्लेम्स:
डॉक्टर, तुमची ती व्यवसायातल्या चुकीची पॉलिसी, म्हणजे पेशंटसाठी. दादांची आहे ती कंपनी चालवण्याच्या निर्णयांसाठी. हिच्यात सहसा वकील आपण निवडतो, पण आधी विमा कंपनीची लेखी संमती लागते. म्हणून दादा, ते दीड लाख बहुधा परत मिळणार नाहीत. यापुढे एक रुपयाही संमतीशिवाय खर्च करू नका. आणि घरच्या बैठकीत काकांना 'एवढे देतो, मिटवा' असं लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर बोलून बसू नका. संमतीशिवाय कबूल केलेली रक्कम विमा कंपनी नाकारू शकते.

सीएस_पार्क_चौक:
कंपनीने खर्च द्यावा का, याबद्दल. तुमचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, काढा. बऱ्याच छोट्या कंपन्यांनी कायद्यातला टेबल एफचा नमुना जसाच्या तसा घेतलेला असतो. त्यात बचावाचा खर्च कंपनी देते, पण निकाल बाजूने लागला, सुटका झाली किंवा न्यायाधिकरणाने सवलत दिली तरच. म्हणजे आधी खिशातून घाला, जिंकलात तर मागा. आगाऊ देण्याबद्दल तो नमुना गप्प आहे.

बोर्डाने ठराव करून, हरल्यास परत करण्याची लेखी हमी घेऊन आगाऊ रक्कम द्यावी असं काही जण सुचवतात. पण तुम्ही दोघे हितसंबंध असलेले संचालक आहात, आणि अशी रक्कम कलम १८५ खाली संचालकाला दिलेलं कर्ज ठरते का, यावर माझं मत पक्कं नाही. कागद बघणाऱ्या वकिलाकडून लेखी मत घ्या.

दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची आहे. काका म्हणतात नुकसान कंपनीचं झालं, म्हणजे तुमच्याविरुद्ध आदेश झाला तर पैसे कंपनीला जाणार. मग कंपनी तेच पैसे तुम्हाला भरून कशी देणार? एका खिशातून दुसऱ्यात. अशा वेळी संचालकाला थेट मिळणारं विम्याचं कवचच उरतं, आणि त्यावर सहसा डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायचा हिस्साही लागत नाही.

रेखा_क्लेम्स:
सीएस साहेबांशी सहमत. एक भीती मात्र आहे. काही पॉलिसींत एका विमाधारकाने दुसऱ्यावर केलेला दावा वगळलेला असतो, आणि माजी संचालकही विमाधारकच धरला जातो. काही ठिकाणी ठरावीक टक्क्यांवरच्या शेअरधारकाचा दावाही वगळतात. काका दोन्हीत बसू शकतात. आपल्याकडच्या काही पॉलिसींत पहिला अपवाद फक्त अमेरिकेतल्या दाव्यांना लागतो, काहींत बचावाचा खर्च तरी सोडलेला असतो. तुमचं कलम वाचल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

आणि लूम घेताना किती कोटेशन मागवली, बँकेचं मूल्यमापन, तेव्हा हातात असलेल्या ऑर्डरी, हे सगळं मिनिट्समध्ये आहे का?

सूतगिरणीकाठ:
रेखाताई, सीएस साहेब, मनापासून आभार. आज सकाळी ईमेल गेला, पोस्टाची पावती जपून ठेवली आहे. फॉर्मवर 'होय' लिहिलं. आर्टिकल्समध्ये टेबल एफचंच वाक्य निघालं.

पॉलिसीत 'मुख्य शेअरधारक' असं कलम आहे, मर्यादा २० टक्के. पण त्यात 'संचालक मंडळावर प्रतिनिधी असलेला' असे शब्द आहेत. काकांनी राजीनामा दिलाय आणि त्यांचा कुणी प्रतिनिधी बोर्डावर नाही. मग ते यात येतात का?

मिनिट्समध्ये तीन कोटेशन आहेत, बँकेचा अहवालही आहे. त्या ठरावावर काकांचीही सही आहे.

रेखा_क्लेम्स:
ते शब्द तुमच्या बाजूने वाचता येतील, पण प्रतिनिधी दाव्याच्या दिवशी असायला हवा की निर्णयाच्या दिवशी, हे कलमात लिहिलंय का? पूर्ण कलम इथे टाका, नावं झाकून. आणि सही असलेल्या त्या मिनिट्सची मूळ वही आजच वकिलांना दाखवा.