मदत हवी आहे: भाषांतरात सीजीपीए बदललाय, शिक्का गाळलाय

कनक: बहीण जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करतेय. पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रक दोन्ही मराठीत. भाषांतरकाराने मसुदा पाठवलाय. मुळात सीजीपीए 10 पैकी 7.4 आहे, त्यांनी तो 4 पैकी 2.96 केलाय. शिक्क्यावर सही आल्याने अर्धी अक्षरं लागत नाहीत, म्हणून शिक्का सोडूनच दिला. गुणपत्रकाची मागची बाजूही घेतलेली नाही. हे चालेल का?

सागर_के: 2.96 काढायला सांगा. 7.4 ला 9.5 ने गुणून टक्के लिहून घ्या, सगळे तसंच करतात.

जुनी_शाई: 2.96 काढायचं हे बरोबर, पण टक्केही नकोत. 9.5 हे सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, ते पदवीला सरसकट लागत नाही. भाषांतरात आकडा मुळात आहे तसाच येतो. रूपांतर करणं प्रवेश देणाऱ्यांचं काम.

मला खरी काळजी मागच्या बाजूची वाटते. तिथे श्रेणींचा तक्ता असतो आणि उत्तीर्ण व्हायला किमान किती लागतात ते त्यातच कळतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी बव्हेरियन सूत्र लावतात. किमान 4 असेल तर:

1 + 3 × (10 − 7.4) ÷ (10 − 4) = 2.3

किमान 5 धरलं तर हेच उत्तर 2.56 येतं. तिकडे लहान आकडा चांगला, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची अट 2.5 ची असते. म्हणजे तक्ता नसला आणि कुणी 5 धरलं, तर ती हकनाक बाहेर.

शिक्का गाळू देऊ नका. त्याच जागी चौकटी कंसात इंग्रजीत लिहायचं: गोल शिक्का, निळी शाई, कडेला विद्यापीठाचं नाव, मधला मजकूर वाचता येत नाही. जेवढं वाचता येतं तेवढंच. अंदाजाने अक्षरं भरली तर भाषांतरकाराचा दाखलाच खोटा ठरतो. सहीचंही तसंच, नाव लागत नसेल तर नुसतं 'सही'.

मेघदूत७: मी कॅनडाला अर्ज केला तेव्हा विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात ट्रान्स्क्रिप्ट मागवली होती. भाषांतराची भानगडच नको, तेच करा.

जुनी_शाई: विद्यापीठ इंग्रजीत देत असेल तर उत्तमच. पण कागद मराठीतच असतील तर पाकीट सीलबंद असूनही भाषांतर टळत नाही.

कनक: मागे पाहिलं. शेवटची श्रेणी P, गुण 4. आता दोन्ही बाजू नव्याने करून मागते. एकच राहिलं: प्रमाणपत्रावर शाईशिवाय दाबून उठवलेला शिक्का आहे, तो स्कॅनमध्ये दिसतच नाही.

जुनी_शाई: मूळ प्रत त्यांच्या हातात द्या. बोटाला लागला की 'उठावाचा शिक्का' अशी नोंद करता येते. नुसत्या स्कॅनवरून त्यांनी ती करू नये.

सागर_के: पण अर्जासोबत तर स्कॅनच जाणार. तपासणाऱ्याला शिक्का दिसलाच नाही, तर नोंदीवर शंका नाही का येणार?

कनक: हो ना. कुणी असा कागद पाठवलाय का?