लेसन प्लॅन 'एका रेषेत नाही' म्हणून परत आला : खरंच खोट आहे की फाइलीची हौस?

मुग्धा_सुदामानगर

इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत सहावीला गणित शिकवते. 'परिमिती आणि क्षेत्रफळ'चा ४० मिनिटांचा लेसन प्लॅन प्राचार्य मॅडमनी परत पाठवला. वर पेन्सिलीने शेरा : "उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन एका रेषेत नाहीत."

माझं उद्दिष्ट : परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक मुलांना समजेल. कृती : चौघाचौघांचे गट टेपने बाक, फळा, दार मोजतील आणि तक्ता बनवतील. मूल्यमापन : पुस्तकातली दहा उदाहरणं, पाच परिमितीची, पाच क्षेत्रफळाची, शिवाय तक्त्याला गुण. तिन्हीकडे विषय एकच आहे, मग रेषेबाहेर गेलं काय? मला तर ही सगळी फाइलीची हौस वाटते. तुमचं काय मत?

विवेक_छावणी

फाइलीचीच हौस. वर्गात जे खरं घडतं ते रकान्यात मावत नाही. आमच्याकडे दोरीचे आयत करायला दिले होते, तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "सर, दोरी गोल ठेवली तर?" प्लॅनमध्ये गोल नव्हताच. मी प्लॅन बाजूला ठेवला आणि अर्धा तास त्या गोलावर घालवला. मूल्यमापन झालंच नाही. आता सांगा, तो तास वाया गेला का? पडताळणीत मात्र नापास झाला असता. वर ही 'जुळणी'ची भाषा आली कॉलेजांसाठी. जॉन बिग्ज यांनी १९९६ साली ती मांडली ती विद्यापीठातल्या शिक्षणाबद्दल. अकरा वर्षांच्या पोरांवर ती कशाला लादायची?

लालपेन

शाळेत मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त. ढिगाने प्लॅन तपासलेत म्हणून लिहिते.

मुग्धा, मी प्लॅन वाचताना शेवटचा रकाना आधी उघडायची. तुझी दहा उदाहरणं मी स्वतः सोडवली असती आणि एकच पाहिलं असतं : ज्याला फरक कळलेला नाही, असं मूल यात पूर्ण गुण मिळवू शकतं का? तुझ्याकडे मिळवतं. पहिल्या पाचांवर लिहिलंय 'परिमिती काढा', पुढच्या पाचांवर 'क्षेत्रफळ काढा'. काय काढायचं ते पुस्तकानेच ठरवून दिलं. मुलाने एकदा चार बाजू मिळवायच्या, एकदा लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा. दोन सूत्रं पाठ असली की झालं. फरक ओळखायची वेळ त्याच्यावर एकदाही येत नाही, आणि तुझं उद्दिष्ट तर नेमकं फरकाचंच आहे.

कृतीचंही तसंच. बाक मोजताना मूल टेप धरायला आणि आकडे लिहायला शिकतं. चांगलंच आहे, पण ते मोजमाप झालं. बाकाची परिमिती जास्त आणि क्षेत्रफळही जास्त, दाराचंही तसंच. मोठ्या वस्तूचं दोन्ही मोठं येतं, त्यामुळे 'घेर वाढला की जागाही वाढते' हा मुलांचा घट्ट गैरसमज आणखी पक्का होतो. तक्त्याचे गुण चौघांना मिळून. ज्याने फक्त टेपचं टोक धरलं त्यालाही तेच गुण.

विवेक, बिग्ज यांचं बरोबर सांगितलंत. पण आधी काय साधायचं ते ठरवा, मग अनुभव निवडा, मग ते साधलं का ते तपासा, हा क्रम राल्फ टायलर यांनी १९४९ मध्येच मांडला होता, आणि तो शाळांच्या अभ्यासक्रमासाठीच.

क्रियापद_क्वीन

मुग्धा, सोपा इलाज आहे. 'समजेल' हे क्रियापद काढून टाक. मोजता न येणारं क्रियापद दिसलं की प्लॅन परत येणारच. ब्लूमच्या यादीतून 'स्पष्ट करेल' किंवा 'तुलना करेल' घे. तेच कृतीत लिही, तेच मूल्यमापनात लिही. तिन्ही रकान्यांत क्रियापद सारखं दिसलं की जुळलं. माझे प्लॅन असेच पास होतात.

लालपेन

होत असतील. शनिवारी दुपारी तीस प्लॅन समोर असले की मीसुद्धा क्रियापदांवरून नजर फिरवून सही केलेली आहे. 'समजेल' एकटं सोडू नये, हे तुमचं बरोबर. पण 'फरक स्पष्ट करेल' असं लिहून सोमवारी फळ्यावर फरक उतरवून दिला आणि बुधवारी 'फरक स्पष्ट करा' असं विचारलं, तर क्रियापद जुळलं आणि तपासली गेली पाठांतराची ताकद. क्रियापद तेच असलं तरी मुलाच्या डोक्यातलं काम तेच आहे का, हे प्रश्न वाचल्याशिवाय कळत नाही.

पादरा_रोडची_बीएडवाली

मी वडोदऱ्याला बीएड करतेय. मुग्धाबेन, तुम्ही आडवं पान घेऊन बघा. उभ्या पानावर तीन रकाने बसत नाहीत, म्हणून रेषा वाकडी होते. आमची छापील वही आहे, उद्दिष्ट निळ्या शाईने, कृती काळ्या. आमच्या मॅडम लगेच सही करतात.

मुग्धा_सुदामानगर

अगं, रेषा म्हणजे ती रेषा नाही :) पण पान आडवं घेते, थँक्यू.

लालपेनताई, टीका पटली असं धरू. मग त्याच ४० मिनिटांत मी करायचं काय? एनसीईआरटीच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींत सहावीला आसपासच्या आयताकृती वस्तूंची परिमिती आणि क्षेत्रफळ काढणं आहेच. मोजणं सोडून कसं चालेल?

लालपेन

सोडू नकोस, त्याला वेगळा तास दे. तुझ्या प्लॅनमध्ये दोन उद्दिष्टं एकमेकांत अडकली आहेत, मोजून काढणं आणि फरक ओळखणं. एका तासाला एकच घे. फरकाचा तास मी असा बांधला असता.

उद्दिष्ट : 'दोन आयतांत कोणाची परिमिती जास्त आणि कोणाचं क्षेत्रफळ जास्त हे विद्यार्थी वेगवेगळं ठरवेल, आणि दिलेल्या कामाला कोणतं माप लागेल ते कारणासह सांगेल.'

आता कृतीच्या आधी प्रश्न लिही. दोन बागा. एक १५ मीटर लांब, ५ मीटर रुंद. दुसरी ९ मीटर चौरस. कोणत्या बागेला तारेचं कुंपण जास्त लागेल? हिरवळ कोणत्या बागेत जास्त लावावी लागेल? कसं ठरवलंस? यात 'परिमिती' नाही, 'क्षेत्रफळ'ही नाही. पहिलीचा घेर ४० मीटर, जागा ७५ चौरस मीटर. दुसरीचा घेर ३६, जागा ८१. आकडे मुद्दाम उलटे पडतात. घेर मोठा म्हणजे जागाही मोठी असं मानणारं मूल दोन्हीकडे एकाच बागेचं नाव लिहिणार, आणि उत्तर बघताच तुला कळणार की चूक गुणाकारात नाही, कल्पनेत आहे. तुझ्या दहा उदाहरणांतून हे कधीच कळलं नसतं.

मग कृती. जोडीला एक दोरी, गाठ मारून घेर बरोबर २४ सेंटीमीटर. गाठीत दोरी जाते, म्हणून सव्वीसेक कापायची. पुठ्ठ्यावर एक सेंटीमीटरच्या चौकटींचा कागद, कोपऱ्यांना टाचण्या, नाहीतर दोरी घसरते आणि आयताची केळी होतात. मुलांनी वेगवेगळे आयत करून आतले चौकोन मोजायचे. ११ बाय १ मध्ये ११, १० बाय २ मध्ये २०, ९ बाय ३ मध्ये २७, मग ३२, ३५, आणि ६ बाय ६ मध्ये ३६. दोरी तीच, जागा तिपटीहून जास्त. हे मुलांच्या हातात घडतं, तुला भाषण करावं लागत नाही. कृतीला वीस-बावीस मिनिटं, चर्चेला आठ आणि शेवटची सात मिनिटं बागांच्या प्रश्नाला. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, गटात नाही.

विवेक_छावणी

मग माझ्या गोलाचं काय? तुमच्या प्लॅनमध्येही गोल नाहीच.

लालपेन

नाही, पण तुमच्या मुलाने उद्दिष्टाच्या मधोमध प्रश्न विचारला होता. घेर तोच ठेवून आकार बदलला तर जागेचं काय होतं? २४ सेंटीमीटरच्या गोलात जवळपास ४६ चौकोन येतात, चौरसापेक्षा दहा जास्त. सहावीत π शिकवत नाहीत, तरी अर्धेमुर्धे चौकोन जोडून मुलं तिथवर येतात. उद्दिष्ट नीट लिहिलेलं असतं तर हा प्रश्न रेषेबाहेरचा वाटलाच नसता. माझी हरकत फक्त त्या अर्ध्या तासाला आहे. दहा मिनिटं देऊन चिठ्ठी घ्यायला हवी होती. प्रश्न एकाने विचारला, बाकीच्यांना काय कळलं ते तुम्हाला आजही ठाऊक नाही.

विवेक_छावणी

ते मान्य नाही. चेहऱ्यावर कळतं. प्रत्येक तासाला चिठ्ठी घेतली तर मुलं चिठ्ठीसाठीच शिकतील. आणि एक धोका तुम्ही सांगितलाच नाही. तुमच्यासारखी जुळणी सगळे करू लागले की कृतीत २४ ची दोरी आणि परीक्षेतही २४ ची दोरी. मुलं '६ बाय ६' पाठ करतील आणि प्लॅन झकास पास होईल.

लालपेन

हा मुद्दा खरा आहे, आणि पडताळणीत तो सगळ्यांत जास्त सुटतो. कृती आणि प्रश्न जुळी भावंडं झाली की रकाने सुंदर दिसतात आणि तपासलं काहीच जात नाही. म्हणूनच मी दोरीवरून बागेवर गेले, आणि घेर सारखा न ठेवता उलटा ठेवला. विचार तोच हवा, वेश वेगळा. किती वेगळा, यावर मात्र माझं आणि आमच्या विषय समितीचं कधी जमलं नाही. काही जण म्हणत, न शिकवलेला प्रसंग विचारणं अन्याय आहे. चेहऱ्याबद्दल एवढंच की मागच्या बाकांचे चेहरे मला तरी कधी वाचता आले नाहीत.

तानपुरा_लश्कर

ग्वाल्हेरला शाळेत संगीत शिकवते. आमच्याकडे याच्या उलट आहे. उद्दिष्ट 'भूप गाता येईल', तासभर गातोही, आणि शाळा लेखी परीक्षा घेते : भूपात कोणते स्वर वर्ज्य? मुलगी 'मध्यम आणि निषाद' लिहून पूर्ण गुण घेते आणि गायला बसली की मध्यम लावते. एकेकाचं गाणं ऐकायला वेळ नाही म्हणतात. गणितात निदान चिठ्ठीवर भागतं, आम्ही काय करायचं?

क्रियापद_क्वीन

तानपुराताई, उद्दिष्टच बदला ना. 'वर्ज्य स्वर सांगता येतील' लिहा, लगेच जुळेल.

तानपुरा_लश्कर

जुळेल खरं. मग गाणं कधी शिकवू?

मुग्धा_सुदामानगर

मी प्लॅन नव्याने लिहिलाय. मोजमापाचा तास वेगळा केला, तक्त्याचे गुण काढले, बागांचा प्रश्न घेतला. पण माझ्या वर्गात ४४ मुलं आहेत. ४४ चिठ्ठ्या वाचून समजा पंधरा जणांनी दोन्हीकडे एकच बाग लिहिली, तर पुढचा तास मला ठरलेला धडा पुढे न्यायचा आहे. मॅडमच्या फॉर्ममध्ये यासाठी रकानाच नाही. तीनही रकाने जुळले आणि चौथा नसेल, तर जुळणीचा उपयोग काय?

लालपेन

चिठ्ठ्या वाचू नकोस, वाटत जा. तीन गठ्ठे : दोन्ही बरोबर, दोन्हीकडे एकच बाग, आणि बाकीचे. पाच-सात मिनिटांचं काम. मधला गठ्ठा मोठा निघाला तर पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्याच दोन बागा चौकटींच्या कागदावर काढून घे. हे मूल्यमापनाच्या रकान्यातच शेवटच्या ओळीत लिही : 'दोन्ही उत्तरांत एकच बाग लिहिणाऱ्यांसाठी पुढील तासाच्या सुरुवातीला…'

विवेक_छावणी

आणि ती दहा मिनिटं कोणत्या धड्यातून कापायची, ते कोण लिहिणार? वार्षिक नियोजनावर सही त्याच मॅडमची आहे.

मुग्धा_सुदामानगर

तेच विचारायला उद्या प्लॅन घेऊन केबिनमध्ये जातेय.