100 ऑप्शन म्हणजे नक्की किती टक्के?

> कंपनीचे एकूण शेअर 10,000 आहेत, मला 100 ऑप्शन मिळतायत, म्हणजे 1% ना?

नाही रे, 10,000 हे फक्त आज इश्यू झालेले इक्विटी शेअर, एचआरकडे फुली डायल्यूटेड आकडा, म्हणजे पुढे शेअर होऊ शकणारं सगळं धरून येणारा आकडा, माग. समजा इन्व्हेस्टरकडे एकास एक कन्व्हर्ट होणारे 3,000 प्रेफरन्स शेअर आहेत आणि कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनसाठी राखलेला इसॉप पूल 1,500 चा, तुझे 100 त्यातच, तर बेस 14,500 झाला आणि तू आलास 0.69% वर. वर 1 कोटीची कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज, शेअरला 10,000 रुपये भावाने कन्व्हर्ट झाली की अजून 1,000 शेअर वाढले.

खरी मेख इन्व्हेस्टरला पडत्या भावापासून वाचवणाऱ्या अँटी-डायल्यूशन क्लॉजमध्ये असते. पुढचा फंडिंग राउंड पडत्या भावात झाला तर त्याच प्रेफरन्सचे एकास दीड शेअरसुद्धा होतात, नवा पैसा न टाकता, आणि झळ फाउंडर नि ऑप्शनवाल्यांनाच बसते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, साइटवर थोडी फी भरून कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे तिची नियमावली, बघ, या अटी बऱ्याचदा तिथे असतात.