रेशमी धोतर आणि कासोटा

‘नवरदेवाला रेशमी धोतर नेसवायचंय, पाटावर बसताना सुटणार नाही ना?’

गुळगुळीत रेशमावर गाठ सरकते, म्हणून आत सुती आखूड चड्डी हवीच. धोतराचा मध्य पाठीवर धरून दोन्ही बाजू पुढे आणा आणि बेंबीखाली घट्ट गाठ मारा. एका टोकाच्या निऱ्या पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचा, दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोचा. कासोटा खोचताना त्याला गुडघे किंचित वाकवायला सांगा. ताठ उभं राहून खोचलेला कासोटा मांडी घातली की ताणून निसटतो.

कुर्ता टसरचा, गुडघ्यापर्यंत, बाजूचे काप मोठे. फेटा मात्र सुती मलमलचाच बांधा (माझा हट्ट म्हणा), पीळ टिकतो, शेमलाही नीट पडतो.