मदत हवी आहे: भावाच्या लग्नात वाचायला आशीर्वादाचं पत्र, रास-नक्षत्र घालून

सांगलीची_ताई:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न मार्गशीर्षात आहे, आम्ही भिलवडीकडचे, वहिनी वाईची. मी थोरली बहीण म्हणून रिसेप्शनला दोन मिनिटांचं आशीर्वादपत्र वाचावं असं सगळ्यांचं म्हणणं. मला वाटलं दोघांची रास नि नक्षत्र गुंफून लिहावं, नेहमीचं "नांदा सौख्यभरे" नको. एका साईटवर जन्मतारखा टाकल्या तर भाऊ सिंह आणि वहिनी मेष आलं, म्हणून मी लिहून टाकलं "सिंहासारखा राजा आणि..." वगैरे, पण पत्रिका काढून बघितली तर भाऊ वृषभ, कृत्तिका तिसरा चरण, आणि वहिनी कन्या, हस्त पहिला चरण! आता काय खरं? त्यात आई म्हणते तो गोकुळाष्टमीचा म्हणजे रोहिणीच. आणि हस्त म्हणजे हत्ती ना? वहिनीला हत्ती कसं म्हणू 😅 शनिवारपर्यंत लिहायचंय, मदत करा.

कृष्णाकाठ:
आई बरोबर आहे. श्रीकृष्ण रोहिणीवर जन्मले, म्हणून अष्टमीला रोहिणीच असते. पत्रिका चुकली असणार, ज्याने केली त्याला परत विचारा.

जुना_पंचांगवाला:
कृष्णाकाठ, थांबा जरा. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी असतेच असं नाही, अष्टमी लवकर पडली की चंद्र कृत्तिकेतच असतो, म्हणून तर काही वर्षी अष्टमी आणि रोहिणी जुळत नाही आणि कृष्णजन्म कधी करायचा यावर वाद होतात. ताई, भावाचा जन्म ऑगस्टच्या विशीतला असेल, सूर्य सिंहेत शिरून दोन-चार दिवस झालेले, तर अष्टमीचा चंद्र कृत्तिकेत येणं अगदी सरळ आहे.

आता साईटचं. ती तारखेवरून सांगते म्हणजे सूर्याची रास सांगते, आपण जन्मरास म्हणतो ती चंद्राची. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, चंद्र सव्वादोन दिवस. त्यामुळे नुसती तारीख पुरत नाही, वेळ लागते. चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो, चरण सहा तासांत.

पडताळणी करायची असेल तर पत्रिकेतलं जन्मनाव बघा. कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए. तिसरा चरण म्हणजे उ. आणि हस्ताचा पहिला चरण पू. जुळतंय का?

सांगलीची_ताई:
अहो जुळलं! भावाचं पत्रिकेतलं नाव उमाकांत आहे, घरात कुणीच म्हणत नाही. वहिनीचं पत्रिकेत पूनम आणि हाक स्वाती, मार्चअखेरच्या होळीपौर्णिमेची आहे ती. मला तर वाटलेलं स्वाती नाव म्हणजे स्वाती नक्षत्र.

जुना_पंचांगवाला:
नावावर जाऊ नका, रेवती, रोहिणी, अश्विनी नावाच्या पोरी सत्तावीस नक्षत्रांत विखुरलेल्या असतात. भावाचंही पक्कं धरा. तिसऱ्या चरणातून रोहिणी लागायला मध्ये अख्खा चौथा चरण जावा लागतो, घड्याळ अर्धा तास इकडेतिकडे असलं तरी फरक पडणार नाही. पहिला चरण असता, म्हणजे अ, तर मात्र कृत्तिकाच पण रास मेष झाली असती, तिथं लोक हमखास चुकतात.

हत्तीबद्दल, हस्त म्हणजे हात, तळहात. आकाशात पाच तारे तशा बोटांसारखे मानतात. देवता सविता.

वाईचा_बाळ्या:
अहो पण आमच्याकडं हत्तीचा पाऊसच म्हणतात की! सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो, धो धो. आणि पाटावर हत्ती काढून पोरी हादगा खेळायच्या, आमच्या आज्जीच्या अंगणात तर रोज खिरापत ओळखायची. हत्ती चुकीचा कसा?

जुना_पंचांगवाला:
तो सूर्य हस्तात असतानाचा पाऊस, बाळ्या. शेतकऱ्याची मृग, हस्त ही सूर्याची नक्षत्रं, माणसाचं जन्मनक्षत्र चंद्राचं. पण हादगा वहिनीच्या माहेरचाच आहे म्हटल्यावर त्यातला हत्ती पत्रात आणायला हरकत नाही, फक्त "हस्त म्हणजे हत्ती" असं लिहू नका.

बापू_तासगाव:
आमच्या मुलीचे १४ गुणच जुळतात, नाडी एक आहे, मुलगा चांगला आहे, करावं का नको? कुणी सांगा.

जुना_पंचांगवाला:
बापू, वेगळा धागा काढा, इथं पत्राचं चाललंय.

मिरजेची_मीनल:
ताई मी माझ्या बहिणीच्या लग्नात असंच लिहिलेलं आणि गण पण घातला. हॉलमध्ये वाचलं "नवरदेव राक्षसगणी" आणि तिच्या सासूबाई दोन दिवस गप्प. कृत्तिकाला राक्षसगण येतो, योनी मेंढा, आणि हस्ताला म्हैस. हे घालू नकोस बाई, हात जोडते. गुणमिलनाचा भाग पत्रात आणायचाच नाही. नवपंचम वगैरे पण नको, वृषभ-कन्या हा पाच-नऊचा संबंध कुणी वाईट म्हणतं, कुणी शुक्र-बुध मित्र म्हणून चांगलं म्हणतं, आणि जेवणाच्या पंगतीत वाद लागतो.

सांगलीची_ताई:
बाप रे, म्हैस! मग घालू काय?

जुना_पंचांगवाला:
दोन गोष्टी पुरतात. कृत्तिकेची देवता अग्नी, आणि सप्तपदी अग्नीभोवतीच होते. हस्त म्हणजे हात, आणि लग्नातला एक विधीच पाणिग्रहण आहे, वर वधूचा हात धरतो. म्हणजे त्याचा अग्नी आणि तिचा हात दोन्ही मांडवात आधीच हजर आहेत, ओढूनताणून काही आणावं लागत नाही. तिसरं हवंच तर आराध्यवृक्ष, कृत्तिकेचा उंबर. औदुंबरचं देऊळ तुमच्या भिलवडीपासून हाकेवर आहे.

आणि मार्गशीर्षात रात्री आठला कृत्तिकेचा पुंजका पूर्वेला वर आलेला दिसतो, हस्त पहाटे दिसतो. एक संध्याकाळचा, एक पहाटेचा. वाचून झाल्यावर बाहेर जाऊन दाखवता येईल, ढग नसले तर.

सांगलीची_ताई:
असं लिहिलंय, बघा:

"उमेश, स्वाती,
उमेश, तू कृत्तिकेचा, तुझी देवता अग्नी, म्हणून तुझा राग आम्ही सगळ्यांनी सोसला. आज त्याच अग्नीभोवती सात पावलं टाकलीस, आता तो चुलीत राहू दे, डोक्यात नको. स्वाती, तू हस्ताची, तुझं नक्षत्रच हात, आज तो हात आमच्या घरात आला. तो धरणारा माझा भाऊ आहे, घट्ट धरेल, आणि विसरला तर मला सांग. तुमच्याकडच्या हादग्याचा हत्ती इथंही काढू, खिरापत मी ओळखणार. दोघंही पृथ्वीतत्त्वाच्या राशीचे, म्हणजे मातीत घट्ट. कृष्णा वाईहूनच येते आमच्याकडं, तूही आलीस. अंगणात उंबराचं रोप लावतेय, तुमच्या दोघांचं. सावलीत बसा आणि मला चहाला बोलवा.
तुमची ताई"

मिरजेची_मीनल:
डोळ्यात पाणी आलं गं. फक्त "राग सोसला" तिच्या आईवडिलांसमोर वाचू नकोस.

कृष्णाकाठ:
उंबर अंगणात लावत नाहीत घराजवळ, मुळं पसरतात. कुंडीत किंवा बांधावर लावा.

सांगलीची_ताई:
मळ्यातल्या बांधावर करते मग. राग पण काढते, "हट्ट" लिहिते. आई मात्र ऐकत नाहीये, काल पत्रिका डोळ्यासमोर धरली तरी म्हणते "कृष्ण रोहिणीचा, माझं पोर पण रोहिणीचंच", आणि पत्र वाचताना मध्येच बोलेल अशी भीती आहे. तिला आधी ऐकवू का नको?